गूगलची स्मार्ट जाहिरात चालू आहे, फोन पण वाजतोय, पण गिऱ्हाईक काही येत नाही : काय काय तपासायचं आणि स्मार्ट कधी सोडायचं

सांगली, मिरज, कुपवाड, माधवनगर या पट्ट्यातल्या दुकानदारांची, वर्कशॉपवाल्यांची गूगलची जाहिरात खाती मी बघून देतो, आणि दर दोन आठवड्यांनी कुणीतरी सेम तक्रार घेऊन येतंच, की भाऊ मोबाईलवर दाखवतंय एवढे कॉल आले तेवढे कॉल आले, पैसे तर रोज कटतायत, पण गल्ल्यात काही दिसत नाही. शंभरातली नव्वद खाती उघडली की आत स्मार्ट कॅम्पेन असतं. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय, म्हणजे पुढच्या वेळी लिंक पाठवली की काम झालं.

स्मार्ट कॅम्पेन म्हणजे तेच जे पूर्वी अ‍ॅडवर्ड्स एक्सप्रेस म्हणून होतं, 2018 ला गूगलनं अ‍ॅडवर्ड्सचं नाव बदलून गूगल अ‍ॅड्स केलं तेव्हा हे स्मार्ट झालं. धंद्याचं नाव टाका, दोनचार विषय निवडा, नकाशावर गोल काढा, रोजचे किती पैसे ते सांगा, बास, पंधरा मिनिटात जाहिरात चालू. बाकी सगळं सिस्टीम ठरवते. ज्याला यातलं काही माहीत नाही त्याच्यासाठी हे चांगलंच आहे, मी त्याला शिव्या घालायला बसलेलो नाही. पण सोपं करताना बऱ्याच गोष्टी पडद्याआड टाकल्यात आणि तक्रार नेमकी तिथंच उगवते.

लक्षणं

खालच्यातली दोन तीन जरी जुळत असली तरी पुढं वाचा.

- स्क्रीनवर कॉलचा आकडा मोठा, पण तुमच्या फोनच्या कॉल लॉगमध्ये तेवढे अनोळखी नंबर सापडत नाहीत.
- फोन येतात पण भलत्याच कामाचे. तुम्ही करता एक, समोरचा विचारतो दुसरंच.
- लांबच्या गावाहून फोन, जिथं तुम्ही माल देत नाही, माणूस पाठवत नाही.
- तुमचं नेहमीचंच गिऱ्हाईक म्हणतंय "गूगलवर तुमची अ‍ॅड बघितली की".
- एखाद्या दिवशी ठरवलेल्यापेक्षा जास्त पैसे गेलेले दिसतात, आणि महिन्याचं बिल मनातल्या हिशोबापेक्षा मोठं येतं.

खाली सगळीकडं एकच उदाहरण घेतो, मोटर रिवाइंडिंगच्या वर्कशॉपचं. शेतकऱ्यांच्या सबमर्सिबल मोटारी, मोनोब्लॉक, कारखान्यातल्या थ्री फेज मोटारी, जळलेली मोटर आणून टाकायची आणि वाइंडिंग करून न्यायची असा धंदा. हे उदाहरण मुद्दाम घेतलं, कारण "मोटर" हा शब्दच असा आहे की सिस्टीमची पंचाईत होते.

पहिलं : वही काढा. खर्च शून्य, वेळ एक आठवडा

खात्यातलं काहीही बदलायच्या आधी हे करा. फोनजवळ एक वही ठेवायची आणि प्रत्येक अनोळखी कॉलला तीन गोष्टी लिहायच्या : कुठून बोलतोय, काय पाहिजे होतं, काम आलं का. बास. पोरगा फोन उचलत असेल तर त्याला पण सांगून ठेवा, नाहीतर निम्म्या नोंदी राहून जातात.

हे का करायचं, तर स्क्रीनवर जो "कॉल" दिसतो तो बऱ्याचदा कॉल नसतो, कॉलच्या बटणावर पडलेलं बोट असतं. खात्यात नीट बघितलं तर `Smart campaign ad clicks to call` आणि `Smart campaign map clicks to call` अशी नावं सापडतील. म्हणजे जाहिरातीतल्या किंवा मॅपवरच्या फोनच्या बटणावर क्लिक झालं एवढंच. त्यानं नंतर डायल केलं का, रिंग गेली का, तुम्ही उचलला का, याचा त्या आकड्याशी संबंध नाही. `Smart campaign map directions` पण तसंच, रस्ता बघितला म्हणजे माणूस दारात आला असं नाही.

या वर्कशॉपचा एक आठवडा सांगतो. रोजचं बजेट 300 रुपये, म्हणजे आठवड्याचे 2100. स्क्रीनवर 31 कॉल. मालक खुश, 2100 भागिले 31 म्हणजे एका कॉलला 68 रुपये, स्वस्तच की. वहीत मात्र 19 कॉल. त्यातले 6 जण सोलर पंपाच्या योजनेचा फॉर्म कुठं भरायचा ते विचारत होते. 4 जणांना मोटर ड्रायव्हिंग स्कूल पाहिजे होतं. 3 जणांना नवी मोटर घ्यायची होती, नुसते भाव विचारले. 2 फोन अथणीकडून, कन्नडमध्ये, तिथून मोटर घेऊन कोण येणार. उरले 4, हे खरे रिवाइंडिंगवाले. म्हणजे एका कामाच्या फोनला 68 नाही तर 525 रुपये पडले.

आता 525 जास्त की कमी हे मी नाही सांगू शकत, ते मालकच सांगणार. पाच एचपीची सबमर्सिबल भरून दिली की तांब्याची तार, मजुरी, वार्निश सगळं जाऊन हातात काय राहतं, आणि चार फोनमधले किती जण खरंच मोटर घेऊन येतात, यावर ते ठरतं. पण हिशोब 525 वरनं करायचा, 68 वरनं नाही. हा एक आकडा हातात नसेल तर खालचं काहीही करून उपयोग नाही, कारण सुधारलं का बिघडलं तेच कळणार नाही.

दुसरं : बिलाचा घोळ

हा लगेच संपतो. तुम्ही टाकलेलं रोजचं बजेट म्हणजे रोजची सरासरी. एखाद्या दिवशी त्याच्या दुपटीपर्यंत खर्च होऊ शकतो, 300 चे 600, त्यात चूक काही नाही. महिन्याची मर्यादा रोजच्या बजेटच्या 30.4 पट, म्हणजे 300 ला 9,120. त्यावर 18 टक्के जीएसटी वेगळा, 1,641.60. झाले 10,761.60. बरेच जण डोक्यात नऊ हजार धरून बसतात आणि मग बँकेचा मेसेज बघून दचकतात. जीएसटी नंबर असेल तर तो पेमेंट प्रोफाइलमध्ये टाकून ठेवा आणि इन्व्हॉइस सीएला द्या, तो बघेल त्याचं इनपुट क्रेडिट.

तिसरं : वेळ

जाहिरात किती ते किती चालू आहे बघा. स्मार्टमध्ये वेळापत्रक टाकता येतं आणि ते कुणी टाकलेलंच नसतं, म्हणून चोवीस तास चालू. दुकान रात्री बंद आणि क्लिक चालू असा प्रकार.

पण इथं डोळे झाकून "रात्रीची बंद करा" असं मी सांगत नाही. शेतीची लाईट आपल्याकडं पाळीनं येते, कधी दिवसा कधी रात्री, रात्रीच्या पाळीत मोटर जळली की शेतकरी बांधावर उभा राहून तेव्हाच गूगल करतो. त्यानं रात्री एक वाजता बटण दाबलं, तुम्ही उचलला नाही, स्क्रीनवर कॉल मोजला गेला, पैसे गेले, आणि सकाळी तो दुसऱ्याच दुकानात. तर दोनच रस्ते. रात्री फोन उचलायची तयारी असेल तर चालू ठेवा, किंवा निदान सकाळी उठल्या उठल्या मिस्ड कॉलला उलटा फोन लावायची शिस्त ठेवा. दोन्ही जमत नसेल तर सरळ बंद करा.

याच बैठकीत गूगल बिझनेस प्रोफाइल पण उघडून बघा, फोन नंबर चालू आहे का, पिन योग्य जागी आहे का, दुकानाची वेळ बरोबर आहे का. स्मार्ट जाहिरात मॅपवर पण दिसते, पिन जुन्या जागेवर असेल तर तुम्ही पैसे देऊन माणसाला चुकीच्या गल्लीत पाठवताय.

चौथं : नकाशावरचा गोल

सुरुवातीला बहुतेकजण दुकान मध्यभागी धरून गोल काढतात. सांगलीत हा गोल फार फसवतो, कारण आपण राज्याच्या काठावर बसलोय. मिरजेच्या पुढं थोडं गेलं की म्हैसाळ आणि लगेच कागवाड, म्हणजे कर्नाटक. दुसऱ्या बाजूला जयसिंगपूर, शिरोळ, इचलकरंजी, तो कोल्हापूर जिल्हा. गोलाला जिल्हा कळत नाही, राज्य कळत नाही, कृष्णेवर पूल कुठं आहे ते पण कळत नाही.

म्हणून गोल काढून टाका आणि गावांची, तालुक्यांची नावं टाका. मालकाला विचारायचं, मागच्या वर्षभरात मोटारी कुठून कुठून आल्या. पावतीपुस्तकात गाव लिहिलेलं असतं. आमच्या वर्कशॉपच्या पावत्या चाळल्या तर मिरज, कवठेमहांकाळ, तासगाव, पलूस आणि थोडं शिरोळ एवढंच निघालं. इस्लामपूरचं जवळजवळ नाहीच, कारण तिथं त्यांची दुकानं आहेत. मग तिथं जाहिरात कशाला दाखवायची?

पण एक गोष्ट स्मार्टमध्ये तुमच्या हातात नाही आणि ती समजून घ्या. जाहिरात फक्त त्या भागात असलेल्या लोकांनाच दिसते असं नाही, त्या भागात रस दाखवणाऱ्यांना पण दिसते. म्हणजे पुण्यात बसून कुणी सांगलीचं काहीतरी शोधलं तरी तो तुमच्या हिशोबात येऊ शकतो. स्मार्टमध्ये हे बंद करायचं बटणच नाही. गावाची नावं टाकून पण लांबचे फोन येत राहिले तर कारण बहुतेक हे.

पाचवं : विषय आणि लोकांनी खरंच काय टाईप केलं ते

इथं सगळ्यात जास्त पैसा गळतो, म्हणून इथं सावकाश जातो.

स्मार्टमध्ये तुम्ही कीवर्ड देत नाही, कीवर्ड थीम देता. म्हणजे विषय. तुम्ही "मोटर दुरुस्ती" असा विषय दिला की त्याच्या आसपासचे कुठले कुठले शब्द धरायचे ते सिस्टीम ठरवते. तिच्या लेखी मोटर म्हणजे गाडी पण, पंप पण, ड्रायव्हिंग स्कूल पण. शेतकरी आणि मोटर एकत्र आले की सोलर पंप योजना, आणि 2024 ला मागेल त्याला सौर कृषी पंप आल्यापासून त्याचं सर्चिंग आपल्याकडं एवढं चालतंय की बोलायची सोय नाही. बिचारा शेतकरी फॉर्मची माहिती शोधतो, वर तुमची जाहिरात दिसते, फोनचं बटण समोर असतं, तो दाबतो. त्याची काय चूक.

खात्यात `Search phrases` म्हणून भाग असतो, तो उघडा. लोकांनी टाईप केलेल्यातलं काही तिथं दिसतं. सगळं नाही दिसत, पण जेवढं दिसतं तेवढ्यावरनं अंदाज येतो. वहीतले चुकीचे फोन आणि ही यादी शेजारी शेजारी ठेवा. आमच्याकडं तेव्हा यादीत असलं काय काय होतं :

```
motor driving school sangli
solar pump yojana form
5 hp motor price
motor winding course
electric motor shop near me
```

यातला शेवटचा सोडला तर एकही आपला नाही, आणि शेवटचा पण निम्माच आपला, कारण त्याला नवी मोटर पण पाहिजे असेल.

आता दोन कामं करायची. एक, विषय बारीक करा. "मोटर दुरुस्ती", "इलेक्ट्रिक शॉप", "पंप" असले पसरट विषय काढून टाका आणि "मोटर रिवाइंडिंग", "सबमर्सिबल मोटर रिपेअर" एवढेच ठेवा. सुरुवातीला सेटअप करताना सिस्टीम स्वतःच पाच सात विषय सुचवते आणि माणूस सगळ्यांवर टिक करून पुढं जातो, तिथंच बी पेरलं जातं.

दोन, नको असलेले विषय टाका, `Negative keyword themes`. हे स्मार्टमध्ये आहे पण बऱ्याच जणांना माहीतच नाही. ड्रायव्हिंग, आरटीओ, सोलर, योजना, अनुदान, कोर्स. इंग्रजीत पण टाका आणि देवनागरीत पण टाका, कारण "yojana" अडवलं म्हणून "योजना" अडेलच याची खात्री नाही.

इथं एक खाचखळगा. लोक उत्साहाच्या भरात "प्राइस" आणि "किंमत" पण टाकून देतात, भाव विचारणारे नकोत म्हणून. आणि मग "motor rewinding price" शोधणारा अस्सल गिऱ्हाईक पण अडतो. तो तर हातात जळलेली मोटर घेऊन उभा असतो, त्याला खर्च किती येईल एवढंच बघायचं असतं. म्हणून नुसता "प्राइस" टाकायचा नाही, "new motor price", "5 hp motor price" असा पूर्ण तुकडा टाकायचा. आणि मालकाला विचारल्याशिवाय "सोलर" पण टाकू नका, काहीजण सोलर पंपाच्या मोटारी दुरुस्त करतात. आमचा करत नव्हता म्हणून टाकला.

अजून एक, तुमच्या दुकानाचं स्वतःचं नाव. जुनं गिऱ्हाईक नंबर सेव्ह करत नाही, दरवेळी गूगलवर दुकानाचं नाव टाकतो आणि सगळ्यात वर जे दिसतं ते दाबतो. वर तुमचीच जाहिरात असते. तो तसाही येणारच होता, फक्त या वेळी त्याच्या फोनचे पैसे तुम्ही भरले. खाली तुमचं फुकटचं बिझनेस प्रोफाइल होतंच की. त्या नावावर दुसरं कुणी जाहिरात करत नसेल तर स्वतःचं नाव पण नको असलेल्यांत टाकून बघा.

एवढं करून परत दोन ते तीन आठवडे वही चालू ठेवायची. मधल्या काळात रोज काहीतरी हलवत बसू नका, एका वेळी दहा गोष्टी बदलल्या की कशानं काय झालं ते कळत नाही.

बऱ्याच खात्यांचं काम इथंच भागतं. खरंच. ब्युटी पार्लर, दाताचा दवाखाना, केक, ज्यांच्या धंद्याचं नाव ऐकून दुसरा अर्थ निघतच नाही त्यांना मी एक्सपर्टमध्ये, म्हणजे सगळं आपल्या हातानं ठरवायच्या फुल कंट्रोलच्या मोडमध्ये, जा असं सांगतच नाही. महिन्याला तीन चार हजार खर्च आणि आठवड्यातून अर्धा तास पण बसायला वेळ नाही, अशांनी तर स्मार्टच ठेवावं. फुल कंट्रोल घेऊन त्याकडं न बघणं हे स्मार्टपेक्षा महागात जातं.

मग स्मार्ट सोडायचं कधी

वरचं सगळं करून झालं, तीन चार आठवडे वही झाली, आणि तरी निम्म्यापेक्षा जास्त फोन भलतेच असतील तर सोडा. किंवा तुमच्या धंद्याचा शब्दच दुहेरी असेल, मोटरसारखा. किंवा लांबचे फोन थांबत नसतील. किंवा तुमची दोन कामं असतील आणि एकाच कामावर पैसा लावायचा असेल, आमच्याकडं कारखान्याच्या मोटारीत पैसा जास्त आणि शेतीच्या मोटारींची संख्या जास्त, स्मार्टमध्ये दोन्ही एकाच पिशवीत जातात.

कारण या चारही गोष्टींचा इलाज स्मार्टमध्ये दिलेलाच नाही. एका क्लिकला जास्तीत जास्त किती द्यायचे ते तुम्ही सांगू शकत नाही. फक्त सर्चवर दाखव, बाकीच्या साईटवर, यूट्यूबवर नको, असं म्हणता येत नाही. शब्द जसाच्या तसा जुळला तरच दाखव, असं पण नाही.

सहावं : फुल कंट्रोलमध्ये जाणं

खात्यात वरच्या सेटिंगच्या भागात `Switch to Expert Mode` सापडेल. स्क्रीन मधून मधून बदलत असते, त्यामुळं दोन मिनिटं शोधावं लागेल. हे दाबल्यानं चालू असलेली स्मार्ट जाहिरात बदलत नाही, ती स्मार्टच राहते, फक्त तुम्हाला नवीन प्रकारचं कॅम्पेन बनवायची मुभा मिळते. हा गैरसमज फार आहे, लोक मोड बदलतात आणि म्हणतात काही फरकच पडला नाही. कसा पडेल.

नवीन कॅम्पेन बनवताना `Create a campaign without guidance` घ्या आणि प्रकार `Search` निवडा. तिथं `Performance Max` पण ठळक दिसतं, 2021 पासून आलंय, पण ते परत ऑटोमॅटिकच आहे, सर्च, मॅप, यूट्यूब, जीमेल सगळीकडं एकत्र जातं. एका आगीतून उठून दुसरीत बसायचं नसेल तर आत्ता त्याला हात लावू नका.

पुढच्या स्क्रीनवर चार जागा सांभाळायच्या, बाकी चुकलं तरी चालेल.

बिडिंगला क्लिक निवडा आणि खाली एका क्लिकची कमाल मर्यादा टाकायचा चौकोन आहे तिथं आकडा टाका. किती टाकायचा, तर स्मार्टमध्ये तुमचा एक क्लिक सरासरी कितीला पडत होता ते बघा आणि त्याच्यापेक्षा थोडा जास्त टाका. कामाचे शब्द महागच असतात, फार कमी टाकला तर जाहिरात दिसणारच नाही.

नेटवर्कमध्ये सर्च पार्टनर, म्हणजे गूगलशी जोडलेल्या दुसऱ्या सर्च साईट, आणि डिस्प्ले, म्हणजे बाकीच्या साईटवरच्या जाहिराती, या दोन्हीवरची टिक काढा. ती आधीपासून लागलेली असते.

ठिकाणाच्या खाली `Location options` उघडा, ते मिटलेलं असतं म्हणून कुणी बघत नाही, आणि `Presence`, म्हणजे त्या भागात खरंच असलेले लोक, निवडा. वर सांगितलेला पुण्यातला माणूस इथं थांबतो. इथं गावं वगळता पण येतात, कागवाड, अथणी वगळून टाकली.

कीवर्ड टाकताना दुहेरी अवतरणात टाका. अवतरण नसलं की गूगल तो शब्द ढिला धरतो आणि तुम्ही परत स्मार्टच्याच जागी येता. अवतरणात म्हणजे त्या अर्थाचं शोधणं असेल तर दाखव. चौकोनी कंस त्याहून घट्ट. सुरुवातीला एवढे पुरे :

```
"motor rewinding"
"motor winding sangli"
"submersible motor repair"
"मोटर रिवाइंडिंग"
[motor rewinding near me]
```

आणि नको असलेल्यांची यादी पहिल्या दिवशीच टाका, नंतर टाकू म्हणू नका. आधीची वही आहेच की, तीच उतरवायची.

वाटेत एआय मॅक्सचं किंवा ब्रॉड मॅचचं बटण चालू करू का असं विचारेल, दोन्हीनं शब्द परत ढिले होतात, नाही म्हणा. आणि कॅम्पेन चालू झाल्यावर `Recommendations` मध्ये जाऊन आपोआप लागू होणाऱ्या सूचना बंद आहेत का ते बघा, नाहीतर तुम्ही घट्ट केलेले शब्द एखाद्या दिवशी गुपचूप ढिले झालेले असतात.

जुनी स्मार्ट जाहिरात काढून टाकू नका, पॉज करा. काढून टाकलेली परत चालू करता येत नाही, पॉज केलेली येते. दोन्ही एकदम चालवू पण नका, कुठला फोन कुठून आला ते वहीत वेगळं काढता येत नाही.

आता काय अपेक्षा ठेवायची. पहिल्या आठवड्यात आकडे बघून पोटात गोळा येतो. क्लिक कमी होतात, एक क्लिक महाग पडतो, कॉलचा आकडा धाडकन खाली येतो. आमच्या वर्कशॉपचं महिनाभरानं असं झालं की तेवढ्याच 2100 मध्ये स्क्रीनवर फक्त 11 कॉल दिसत होते, मालक म्हणाले, "अहो 31 चे 11 केले की तुम्ही." वही उघडली तर 11 पैकी 7 रिवाइंडिंगचे. 525 चा फोन 300 वर आला. सोलरवाला अजून एखादा येतोच, तो शंभर टक्के बंद होत नाही, कारण `Search terms` चा रिपोर्ट पण सगळं दाखवत नाही. 2020 पासून फार थोड्या लोकांनी शोधलेले शब्द त्यात येतच नाहीत. म्हणजे फुल कंट्रोल म्हणतात तिथं पण थोडा पडदा आहेच, फक्त बराच पातळ.

दर सोमवारी तो रिपोर्ट उघडायचा, नवा फालतू शब्द दिसला की नको असलेल्यांत टाकायचा, वीस मिनिटांचं काम. आणि सीझन ध्यानात ठेवा, मार्च ते मे व्होल्टेजनं मोटारी जळतात तेव्हाचा आकडा आणि जुलैचा आकडा एकमेकांशी ताडून बघू नका. पावसाळ्यात फोन कमी झाले म्हणून कॅम्पेनमध्ये उलथापालथ करणारे मी बघितलेत.

इथं थांबा आणि जाणकार माणूस बोलवा

खातं सस्पेंड झालं असेल तर स्वतः नवीन खातं उघडायचं नाही, दुसऱ्या मेलवरनं पण नाही, ते पण जातं आणि पहिलं सोडवणं अवघड होतं. अपील नीट लिहावं लागतं, ज्यानं आधी केलंय त्याच्याकडून करून घ्या.

वेबसाईटवर फॉर्म आहे, ऑर्डर येतात आणि त्या मोजायच्या आहेत तर टॅग, म्हणजे मोजणीचा छोटा कोड, साईटवर बसवावा लागतो. कॉपी पेस्ट जमत असेल तर ठीक, पण दोनदा प्रयत्न करून आकडा शून्य किंवा दुप्पट येत असेल तर सोडा, चुकीच्या मोजणीवर सिस्टीम चुकीचं शिकत जाते.

महिन्याचा खर्च वीस पंचवीस हजारांच्या वर गेला आणि तुम्हाला सोमवारची वीस मिनिटं निघत नाहीत, तरी माणूस लावा.

माणूस लावताना मात्र पासवर्ड द्यायचा नाही. `Access and security` मध्ये जाऊन त्याच्या मेलला अ‍ॅक्सेस द्यायचा, किंवा तो त्याच्या मॅनेजर खात्यातून रिक्वेस्ट पाठवेल ती मंजूर करायची. खातं तुमच्या मेलवर, अ‍ॅडमिन तुम्ही, कार्ड तुमचं. माझ्याकडं आलेल्या एका फरसाणवाल्याचं खातं एजन्सीच्याच मेलवर होतं, काम थांबवल्यावर जुना सगळा डेटा तिकडंच राहिला आणि नको असलेल्या शब्दांची यादी परत पहिल्यापासून करावी लागली. आणि पहिल्याच भेटीत त्याला विचारा की शेवटच्या महिन्याचा सर्च टर्म्सचा रिपोर्ट दाखवशील का. नुसते इम्प्रेशन आणि क्लिकचे ग्राफ काढून दाखवायला लागला तर चहा पाजा आणि वाटेला लावा.